खोट्या नकाराची अशक्यता : ब्लूम चाळणीविषयीच्या एका समजुतीचे परीक्षण

संगणनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात ब्लूम चाळणीची ओळख करून देताना एक वाक्य हमखास उच्चारले जाते. ही चाळणी एखाद्या घटकाविषयी ‘असेल’ असे म्हणाली तर तिच्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. परंतु ‘नाही’ असे म्हणाली तर तो निर्णय अंतिम समजावा. खोटा होकार संभवतो, खोटा नकार कधीच संभवत नाही, असे या वाक्याचे सार आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपासून प्रकल्पांच्या अहवालांपर्यंत हे वाक्य इतक्या निःशंकपणे लिहिले जाते की ते नेमके कशाविषयीचे विधान आहे, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. मराठी शब्दांच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे विशेष अगत्याचे आहे. कारण मराठीच्या एका अक्षराने या वाक्याची मर्यादा जितकी स्पष्ट दिसते तितकी इंग्रजी उदाहरणांनी दिसत नाही.

१. सिद्धान्त आणि त्याच्या अटी

बर्टन ब्लूम यांनी १९७० साली ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात ही रचना मांडली. त्यांनी घेतलेले उदाहरण भाषेचेच होते. इंग्रजी शब्द ओळीच्या शेवटी तोडण्यासाठी साधे नियम बहुसंख्य शब्दांना पुरतात. सुमारे पाच लाख शब्दांपैकी एक-दशांश शब्दांसाठी मात्र तबकडीवरील कोश उघडावा लागतो, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्येक शब्दासाठी तबकडी वाचणे खर्चाचे असल्यामुळे स्मृतीत एक छोटी चाळणी ठेवावी आणि तिने ‘असेल’ म्हटले तरच कोश उघडावा, अशी ही योजना. येथे चाळणीने चुकून होकार दिला तर तबकडीची एक खेप वाया जाते आणि कोशात शब्द न सापडल्याने चूक तेथेच निस्तरते. उलट चुकून नकार दिला तर कोश उघडलाच जात नाही. शब्द चुकीचा तोडला जातो आणि ती चूक पकडणारी पुढची पायरीच उरत नाही. दोन चुकांमधील ही विषमता ध्यानात ठेवली पाहिजे. खोट्या नकाराच्या अशक्यतेवर इतका भर दिला जातो तो याच कारणासाठी.

रचना साधी आहे. प्रारंभी सर्व शून्य असलेली बिटांची एक पंक्ती घ्यावयाची. प्रत्येक घटकावर काही हॅश-फलने चालवून जी स्थाने मिळतील तेथे १ लिहावयाचे. पुढे एखाद्या घटकाची चौकशी करताना त्याच फलनांनी स्थाने काढावयाची. त्यांपैकी एकही स्थान ० आढळले तर उत्तर ‘नाही’, सर्व १ आढळली तर उत्तर ‘असेल’. घटक घालताना त्याची सर्व स्थाने १ झाली होती, आणि १ पुन्हा कधी ० होत नाही; म्हणून घातलेल्या घटकाला नकार मिळणे शक्य नाही. सिद्धता एवढीच आहे आणि ती निर्दोष आहे.

परंतु या दोन ओळींत तीन गृहीतके दडलेली आहेत. पहिले असे की पंक्तीतील १ चा पुन्हा ० होत नाही. दुसरे असे की घालताना आणि विचारताना वापरलेली फलने तंतोतंत तीच आहेत. तिसरे असे की त्या फलनांपुढे दोन्ही वेळी ठेवलेली वस्तूही तंतोतंत तीच आहे. म्हणजे तिची बाइटांची माळ अक्षरशः एक आहे. पहिली दोन गृहीतके यंत्राविषयी आहेत आणि ती पाळली जातात की नाही हे यंत्रात तपासता येते. तिसरे गृहीतक यंत्राच्या बाहेरचे आहे. ‘तोच शब्द’ म्हणजे ‘तीच बाइटमाळ’ असे ते धरून चालते. मराठीत हे खरे नाही.

२. तऱ्हा एक, माळा अनेक

‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘गिऱ्हाईक’, ‘दऱ्या’ या शब्दांतील आडव्या रेघेसारखा दिसणारा अर्धा ‘र’ हे मराठी लेखनाचे वैशिष्ट्य आहे. तो रफार नव्हे. त्याचा उच्चार आणि कार्य निराळे आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला, एवढा अर्थभेद या एका चिन्हावर उभा आहे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिपींसाठी जी वर्णसंहिता प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली, तिच्या पद्धतीशी सुसंगत राहून युनिकोडने हा अर्धा र ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून लिहावा असे ठरविले. परंतु युनिकोडच्या २.० या आवृत्तीतील (१९९६) पद्धतीशी सुसंगती राखण्यासाठी साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्यरुंदीचे जोडचिन्ह अशी दुसरी रीतही मान्य राहिली. तिसरी रीत म्हणजे साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. चौथी रीत कोणत्याही प्रमाणात बसत नाही, पण मराठी मजकुरात ती विपुल आढळते : अर्धा र न लिहिता त्या जागी सरळ संयोगरेषा टाकून ‘त-हा’, ‘दुस-या’ असे लिहिण्याची.

पहिल्या तीन रीतींनी लिहिलेला शब्द छापल्यावर किंवा पडद्यावर एकच दिसतो. वाचणाऱ्याला त्यांत भेद करता येत नाही, आणि लिहिणाऱ्याला आपण कोणती रीत वापरली हे बहुधा ठाऊकही नसते. ते त्याच्या कळफलकाने ठरविलेले असते. फलनाच्या दृष्टीने मात्र या तीन स्वतंत्र वस्तू आहेत.

हे हाताने करून पाहता येते. ० ते १५ अशी सोळा स्थाने असलेली पंक्ती घ्यावी. शब्दातील सर्व वर्णांच्या युनिकोड क्रमांकांची बेरीज करावी. तिला १६ ने भागून उरणारी बाकी हे पहिले स्थान आणि १३ ने भागून उरणारी बाकी हे दुसरे स्थान मानावे. ‘तऱ्हा’ पहिल्या रीतीने लिहिल्यास त्यात पाच वर्ण आहेत : त (२३४०), ऱ (२३५३), हलन्त (२३८१), ह (२३६१) आणि काना (२३६६). बेरीज ११८०१ येते. १६ ने भागल्यास बाकी ९, १३ ने भागल्यास बाकी १०. म्हणून ९ आणि १० या स्थानी १ लिहिले जाते. याच पंक्तीत ‘वन’ हा शब्दही घालावा. त्याची बेरीज ४७०१, स्थाने १३ आणि ८. आता पंक्तीत ८, ९, १० आणि १३ ही चार स्थाने भरलेली आहेत.

यानंतर कोणी दुसऱ्या रीतीने लिहिलेली ‘तऱ्हा’ विचारली, तर ‘ऱ’ च्या जागी र (२३५२) येतो आणि शून्यरुंदीच्या जोडचिन्हाचे ८२०५ अधिक होतात. बेरीज २०००५, स्थाने ५ आणि ११. दोन्ही रिकामी आहेत. चाळणी निःसंदिग्धपणे ‘नाही’ म्हणते. नुक्त्याच्या रीतीने बेरीज १४१६४ आणि स्थाने ४ व ७, पुन्हा ‘नाही’. संयोगरेषेच्या रीतीने बेरीज ७११२, स्थाने ८ आणि १. यांतील ८ हे स्थान ‘वन’ या शब्दामुळे भरलेले आहे, पण १ हे स्थान रिकामे आहे. म्हणून येथेही ‘नाही’. ज्याने शब्द घातला त्याच्या मते तो आत आहे. ज्याने विचारला त्याला चाळणीने तो नाही असे ठामपणे सांगितले.

३. चूक विरळ नसून जवळजवळ अटळ

या ठिकाणी असा समज होण्याचा संभव आहे की ही क्वचित घडणारी घटना असावी आणि चाळणी मोठी केल्यास ती आणखी विरळ होईल. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे.

पुण्यात महाराष्ट्र कोशमंडळाने १९३२ ते १९३८ या काळात दाते व कर्वे यांनी संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सात विभागांत प्रसिद्ध केला. अशा एखाद्या कोशाच्या शीर्षशब्दांवर शुद्धलेखन तपासणारी चाळणी उभारावयाची आहे असे समजावे. हिशेबाच्या सोयीसाठी एक लाख शब्द आणि प्रत्येक शब्दामागे दहा बिटे धरली, तर पंक्ती दहा लाख बिटांची, म्हणजे सव्वा लाख बाइटांची होते. n शब्द, m बिटे आणि k फलने असताना खोट्या होकाराची संभाव्यता पुढील सूत्राने मिळते :

```
(1 - e^(-kn/m))^k
```

सात फलने घेतल्यास ही संभाव्यता सुमारे ०.८२ टक्के येते. म्हणजे संचात नसलेल्या एक हजार माळांपैकी सुमारे आठ माळांना चाळणी चुकून होकार देईल.

कोशातील शब्द पहिल्या रीतीने लिहिलेले असतील आणि विचारणारा दुसऱ्या रीतीने लिहीत असेल, तर त्याच्या प्रत्येक ‘ऱ’-युक्त शब्दाची माळ चाळणीच्या दृष्टीने संचात नसलेली माळ आहे. तिला होकार मिळालाच तर तो केवळ योगायोगाने, हजारी आठांना. उरलेल्या ९९२ शुद्ध शब्दांखाली तांबडी रेघ उमटेल. आता चाळणी सुधारावी म्हणून प्रत्येक शब्दामागे वीस बिटे आणि चौदा फलने घेतली, तर योगायोगाचा होकार लाखात सुमारे सातांवर येतो; म्हणजे शुद्ध शब्दांना मिळणारा नकार जवळजवळ शंभर टक्के होतो. चाळणी जितकी उत्तम, तितका हा नकार पक्का. खोट्या होकाराचे प्रमाण स्मृती वाढवून कमी करता येते. या नकारावर मात्र स्मृतीचा उपाय चालत नाही, कारण त्याचे मूळ संभाव्यतेत नाहीच. म्हणून ‘संभाव्यतामूलक रचना आहे, थोडी चूक चालावयाचीच’ असे म्हणून तो सोडून देता येत नाही.

चूक का लपते हेही यावरून कळते. चाळणीची नेहमीची चाचणी म्हणजे काही शब्द घालणे, तेच शब्द पुन्हा विचारणे आणि सर्वांना होकार मिळाला की समाधान मानणे. या चाचणीत दोन्ही वेळी माळ एकाच संचिकेतून येते, म्हणून तिसरे गृहीतक आपोआप पाळले जाते. अशी चाचणी सिद्धान्ताची पुनरुक्ती करते. तो सिद्धान्त या व्यवहाराला लागू आहे की नाही, याविषयी ती काहीच सांगत नाही.

४. सिद्धान्ताच्या कैवाऱ्यांचे उत्तर

यावर एक आक्षेप सहज घेतला जाईल. चाळणीला विचारलेली माळ तिच्यात खरोखरच घातलेली नव्हती. तेव्हा तिचे ‘नाही’ हे उत्तर खरेच होते. दोष असलाच तर तो माळ पुरविणाऱ्याचा आहे, चाळणीचा नाही.

हा आक्षेप तर्कदृष्ट्या बिनचूक आहे आणि तो मान्यच केला पाहिजे. परंतु तो मान्य करताच मूळ समजुतीचा विस्तार किती आकसतो तेही पाहिले पाहिजे. ‘माळांच्या संचाविषयी खोटा नकार संभवत नाही’ एवढेच विधान शिल्लक राहते. ‘कोशातील शब्दांविषयी खोटा नकार संभवत नाही’ हे विधान त्यातून निघत नाही. ते निघण्यासाठी शब्द आणि माळ यांचे नाते एकास एक आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. अभ्यासक्रमातील वाक्य पहिल्या विधानाची सिद्धता देते आणि दुसऱ्या विधानाचा विश्वास देते. परीक्षणाचा रोख या अदलाबदलीवर आहे.

त्याच न्यायाने उलट दिशेची घाईही टाळली पाहिजे. चाळणीचा प्रत्येक गैरसोयीचा नकार खोटा नसतो. दाते-कर्वे यांच्या कोशाचे लेखन १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे आहे. त्या काळी ‘कांहीं’ असे सानुस्वार लिहिले जाई. आजच्या लेखकाने ‘काही’ विचारले आणि नकार मिळाला, तर तो शब्दाच्या निराळ्या लेखनाला मिळालेला खरा नकार आहे. हा भेद डोळ्यांना दिसतो, आणि संच कालबाह्य आहे एवढेच तो सांगतो. तसेच ‘घरासमोरच्यांनाही’ यासारखे रूप कोणत्याच कोशाचा शीर्षशब्द नसते. तेथे नकार मिळाला तर अपुरेपण शब्दयादीचे आहे. ‘तऱ्हा’ची गोष्ट यांहून निराळी आहे : तेथे लेखनही तेच, काळही तोच, शब्दही तोच, भेद केवळ न दिसणाऱ्या संकेतांत.

५. जेथे सिद्धान्तच मोडतो

वरील प्रकारात सिद्धान्त अबाधित राहिला. पहिली दोन गृहीतके मोडली तर तोही राहत नाही, आणि खोटा नकार शब्दशः खोटा ठरतो.

पहिले गृहीतक मोडते ते शब्द वगळण्याची सोय केल्यावर. साध्या चाळणीतून काही वगळता येत नाही. कारण एखादे स्थान अनेक शब्दांनी मिळून भरलेले असू शकते. म्हणून बिटाऐवजी प्रत्येक स्थानी लहानसा गणक ठेवण्याची कल्पना पुढे आली. फॅन, काओ, अल्मेडा आणि ब्रोडर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असा चार बिटांचा गणक सुचविलेला आहे. घालताना गणक एकाने वाढवावयाचा, वगळताना एकाने घटवावयाचा. आता वरील सोळा स्थानांच्या पंक्तीकडे पुन्हा वळावे. तीत ‘वन’ घातलेला आहे, ‘नव’ घातलेला नाही. परंतु दोहोंतील वर्ण तेच असल्यामुळे बेरीज तीच, ४७०१, आणि स्थाने तीच, १३ आणि ८. कोणी ‘नव’ वगळण्याची आज्ञा केली आणि यंत्राने ‘आधी तो आहे का ते पाहू’ म्हणून चाळणीलाच विचारले, तर तिला होकार मिळेल. तो खोटा होकार आहे. त्याच्या आधारे दोन्ही गणक घटतील आणि शून्य होतील. यानंतर ‘वन’ विचारला असता उत्तर ‘नाही’ येईल; आणि ‘वन’ तर रीतसर घातलेला आहे, कोणी वगळलेला नाही.

येथे एक मार्मिक गोष्ट दिसते. खोटा होकार आणि खोटा नकार या दोन स्वतंत्र चुका आहेत, एक संभवते आणि दुसरी संभवत नाही, अशी मांडणी केली जाते. वगळण्याची क्रिया येताच पहिली चूक दुसरीला जन्म देते. म्हणून गणकांच्या चाळणीतून वगळताना तो घटक खरोखर घातला होता याचा पुरावा चाळणीबाहेरच्या खऱ्या यादीतून घेतला पाहिजे; चाळणीचा होकार हा पुरावा होऊ शकत नाही. शिवाय चार बिटांचा गणक १५ च्या पुढे जाऊ शकत नाही. पंधरावर पोचलेला गणक तेथेच गोठवावा लागतो. तो पुन्हा शून्याकडे वळू दिल्यास त्याच वाटेने खोटे नकार शिरतात.

दुसरे गृहीतक, म्हणजे फलने तीच असणे, कसे मोडते याचे उदाहरण मोठ्या माहितीसंग्रहांसाठी वापरल्या जाणाऱ्या अपाची ओआरसी या संचिका-प्रकारात मिळते. त्यात ओळींच्या प्रत्येक गटासोबत एक ब्लूम चाळणी साठविता येते. चाळणी ‘नाही’ म्हणाली की तो गट वाचलाच जात नाही. प्रारंभीच्या बांधणीत अक्षरमाळेचे बाइट करताना त्या त्या संगणकाची ठरीव वर्णसंहिता वापरली जाई. लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या संगणकांची संहिता भिन्न असेल तर एकाच शब्दाचे बाइट भिन्न होत, आणि संचिकेत असलेल्या ओळी चौकशीत निमूटपणे वगळल्या जाण्याचा धोका उत्पन्न होई. ही उणीव `ORC-101` या क्रमांकाच्या नोंदीखाली दुरुस्त झाली. दुरुस्तीची रीत बोधप्रद आहे : जुन्या चाळण्या सुधारल्या नाहीत, तर नेहमी यूटीएफ-८ वापरणारा `BLOOM_FILTER_UTF8` या नावाचा वेगळा प्रवाह योजिला. जुन्या चाळणीत शब्द नसतात, केवळ बिटे असतात. ती कोणत्या संहितेने भरली हे तिच्याकडून वदवून घेता येत नाही. ज्या इंग्रजी मजकुराचे बाइट बहुतेक संहितांत सारखेच असतात त्याला या दोषाची झळ लागत नाही. देवनागरीला ती हटकून लागते.

६. उपाय आणि त्याच्या मर्यादा

मराठी शब्दांच्या चाळणीपुरता उपाय स्पष्ट आहे. फलनापूर्वी एक प्रमाणीकरणाची पायरी असावी, आणि तीच पायरी घालताना व विचारताना दोन्ही वेळी चालावी. परंतु ‘युनिकोडचे प्रमाणरूप करून घेतले की झाले’ ही समजूतही तपासून पाहावी लागते :

```python
import unicodedata as u
a = "\u0924\u0931\u094d\u0939\u093e"
b = "\u0924\u0930\u094d\u200d\u0939\u093e"
c = "\u0924\u0930\u093c\u094d\u0939\u093e"
n = lambda s: u.normalize("NFC", s)
print(n(a) == n(c), n(a) == n(b))
```

उत्तर `True False` असे येते. र आणि नुक्ता यांचे मिळून ‘ऱ’ होणे युनिकोडला समतुल्य म्हणून मान्य आहे. त्यामुळे तिसरी रीत पहिलीत विलीन होते. शून्यरुंदीच्या जोडचिन्हाची रीत मात्र पहिलीशी समतुल्य मानलेली नाही. युनिकोडच्या चारही प्रमाणरूपांपैकी कोणतेही ते चिन्ह काढत नाही. म्हणजे प्रमाणीकरण केल्याचे समाधान मिळूनही खोटा नकार शिल्लक राहतो.

यावर सुचविला जाणारा घाईचा उपाय म्हणजे न दिसणारी सर्व चिन्हे काढून टाकणे. तो अधिक अनर्थकारी आहे. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ या शब्दातून जोडचिन्ह काढले की र, हलन्त आणि य उरतात, आणि शब्द ‘दर्या’ होतो. डोंगरांतल्या दऱ्यांचा समुद्र झाला. ‘दर्या’ हाही कोशातला शब्द असल्याने चाळणी होकार देईल, आणि शुद्ध शब्दाला होकार मिळाल्यामुळे चूक कोणाच्या ध्यानातही येणार नाही. येथे नकार टळला, पण शब्द बदलला. योग्य नियम अधिक नेमका आहे : र, हलन्त आणि जोडचिन्ह हे तिन्ही याच क्रमाने आले तरच त्यांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालावे, आणि इतरत्र जोडचिन्हाला हात लावू नये.

संयोगरेषेच्या चौथ्या रीतीला असा यांत्रिक नियमही पुरत नाही. ‘दुस-या’ मधील रेषा र ची आहे. परंतु दोन स्वतंत्र पदे जोडणाऱ्या रेषेपुढेही ‘य’ किंवा ‘ह’ येऊ शकतो. तेथे मूळ रूप आणि बदललेले रूप अशी दोन्ही विचारून कोणत्याही एकाला होकार मिळाल्यास तो स्वीकारावा, एवढेच करता येते. याची किंमत उघड आहे : दोन प्रश्न विचारल्यामुळे खोट्या होकाराची शक्यता अशा शब्दांपुरती जवळजवळ दुप्पट होते. नकाराची चूक टाळण्यासाठी होकाराची चूक जाणूनबुजून पत्करावी लागते.

प्रमाणीकरणाचा नियम एकदा ठरल्यावर तो चाळणीचा भाग होतो. उद्या त्यात एका ओळीची भर पडली तर जुनी चाळणी नव्या नियमाने विचारता येणार नाही. मूळ शब्दयादीवरून ती पुन्हा भरावी लागेल. म्हणून शब्दयादी जपून ठेवणे आणि नियमाचा आवृत्ती-क्रमांक चाळणीसोबत साठविणे आवश्यक ठरते. चाचणीही बदलली पाहिजे. यादीतील प्रत्येक ‘ऱ’-युक्त शब्द सर्व रीतींनी लिहून विचारावा. त्याखेरीज प्रत्यक्ष वापरात चाळणीने दिलेल्या नकारांपैकी काही वेचून ते पूर्ण यादीशी ताडून पाहावेत. होकारांची पडताळणी पुढची पायरी आपोआप करीत असते. नकारांची पडताळणी कोणी मुद्दाम केली तरच होते.

सारांश, ब्लूम यांच्या रचनेत खोटा नकार संभवत नाही हे खरे आहे; मात्र ते अपरिवर्तनीय पंक्ती, अचल फलने आणि एकरूप माळा या तीन अटींखाली खरे आहे. अध्यापनात हे वाक्य सांगावयाचे असेल तर या अटींसह सांगावे, आणि तिसऱ्या अटीसाठी उदाहरण द्यावयाचे झाल्यास ‘तऱ्हा’ हा शब्द पुरेसा आहे. चाळणीचा नकार ऐकणाऱ्याने पहिला प्रश्न असा विचारावा की ती जे नाही म्हणते आहे ते शब्दाला की शब्दाच्या एका लेखनरीतीला. या प्रश्नाचे उत्तर पंक्तीतील बिटांत नाही. ते पंक्तीपूर्वीच्या प्रमाणीकरणाच्या पायरीत शोधावे लागते.